‘मा.’ म्हणजे कोण? एका स्वागतपर भाषणाचं प्रकरण

फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या मराठी वाचनालयाचा वर्धापनदिन होता. मंचावर राज्याचे एक मंत्री, उच्च न्यायालयाच्या एक विद्यमान न्यायमूर्ती, मतदारसंघाचे आमदार, पद्मश्री मिळालेले एक ज्येष्ठ कलाकार, सरपंच आणि वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, अशी सहा माणसं बसणार होती. वाचनालयाचा तरुण सचिव कार्यक्रमाच्या पाच दिवस आधी माझ्याकडे आला. सरकारी नोकरीत माझी उमर कागदपत्रांचे मसुदे करण्यात गेली, एवढंच त्याला ठाऊक होतं. हातात दोन कागद होते. एक स्वागतपर भाषण, दुसरं मंत्र्यांना द्यायचं निवेदन.

“काका, नजर टाका फक्त. शुद्धलेखन तपासलंय.”

भाषणाची सुरुवात अशी होती:

“व्यासपीठावर विराजमान असलेले गोव्याचे लाडके, कार्यसम्राट मंत्री मा. ना. श्री. अमुकभाई, महामहिम मा. न्यायाधीश सौ. तमुकजी मॅडम, मा. आमदार श्री. अमुक, पद्मश्री श्री. अमुक, सरपंच, आमचे आदरणीय अध्यक्ष गुरुजी आणि जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो…”

शुद्धलेखन खरंच ठीक होतं. पण या एका वाक्यात निदान आठ दुरुस्त्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच आदर जास्त झाल्यामुळे कराव्या लागणाऱ्या होत्या.

मी न्यायमूर्तींपासून सुरुवात केली, कारण तिथे चूक सगळ्यांत ठळक होती. मराठीत उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना ‘न्यायमूर्ती’ म्हणतात, जिल्हा न्यायालयात आणि त्याखाली ‘न्यायाधीश’. पर्वरीला उच्च न्यायालयात बसणाऱ्या बाईंना ‘न्यायाधीश’ म्हटल्याने आभाळ कोसळत नाही, पण ज्याला फरक कळतो त्याला तो पहिल्या वाक्यालाच कळतो. उलट चूकही होते. फोंड्याच्या न्यायालयातल्या न्यायाधीशांना खूश करायला कोणी ‘न्यायमूर्ती’ म्हणतं आणि ते स्वतःच अवघडून बसतात.

‘न्यायमूर्ती’ हा शब्द पद आणि मान दोन्ही एकाच वेळी सांगतो. त्यामुळे त्यापुढे ‘श्री.’, ‘सौ.’ काही लागत नाही. ‘सौ.’ तर मुळीच नको. तो शब्द बाईंचं लग्न झालंय हे सांगतो, आणि त्या मंचावर त्यांच्या लग्नाचा काही संबंध नाही. मंत्र्यांच्या नावामागे आपण ‘विवाहित’ लिहीत नाही. सचिव म्हणाला, “आमच्याकडे सगळ्या बायकांना सौ. लावतात, नाही लावलं तर राग येतो.” येत असेल. पण तो हळदीकुंकवाच्या आमंत्रणाचा नियम आहे.

व्याकरणाचाही इथे एक बारकावा आहे. ‘मूर्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी असला तरी ‘न्यायमूर्ती’चं क्रियापद माणसाप्रमाणे चालतं: न्यायमूर्ती आले, न्यायमूर्ती आल्या. नेहमी अनेकवचनात. ‘न्यायमूर्ती आली’ हे मी एका कार्यक्रमात माइकवरून ऐकलेलं आहे, म्हणून सांगतो. मराठीत आदर क्रियापदात असतो. ‘आल्या आहेत’, ‘म्हणाल्या’, ‘यांनी’, ‘आपण’ एवढं नीट सांभाळलं की नावामागे ‘जी’ जोडायची गरज उरत नाही. ते ‘जी’ हिंदीचं आहे. आपल्याकडे ते लावलं की वाक्य दूरदर्शनच्या बातमीसारखं वाटू लागतं.

मग ‘महामहिम’. हा शब्द न्यायाधीशांसाठी कधीच नव्हता. तो राष्ट्रपती आणि राज्यपालांसाठी वापरला जाई, आणि 2012 साली राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी देशांतर्गत कार्यक्रमांसाठी तो बंद केला. तेव्हापासून ‘माननीय राष्ट्रपती’, ‘राष्ट्रपती महोदय’, ‘माननीय राज्यपाल’ असं म्हणतात. परदेशी पाहुण्यांशी होणाऱ्या राजनैतिक व्यवहारात तो प्रकार राहिला. इतकी वर्षं झाली तरी आपल्याकडे राज्यपाल येणार म्हटलं की पत्रिकेवर ‘महामहिम’ छापलं जातंच. छापखान्यातल्या जुन्या फाइलमधून तो शब्द उचलला जातो आणि कोणी काढत नाही.

सचिवाने विचारलं, “मग ‘मिलॉर्ड’ म्हणायचं का?” तो थट्टा करत होता, पण प्रश्न खरा आहे. न्यायालयात काय म्हणायचं याबद्दल बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2006 साली नियमच केला: उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात ‘युअर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’, आणि खालच्या न्यायालयांत व न्यायाधिकरणांत ‘सर’ किंवा स्थानिक भाषेतला तसाच शब्द. ‘माय लॉर्ड’ हा वसाहतकाळाचा अवशेष आहे असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पुढे 2014 साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की ‘माय लॉर्ड’ म्हणण्याची सक्ती नाही, संबोधन आदराचं आणि प्रतिष्ठेचं असलं म्हणजे झालं. तरी वकिलांच्या तोंडून ते गेलेलं नाही. पण हा सगळा कोर्टाच्या आतला मामला. वाचनालयाच्या मंचावर ‘माननीय न्यायमूर्ती’ किंवा थेट बोलताना ‘न्यायमूर्ती महोदया’, बस्स.

आता मंत्री. ‘लाडके’ आणि ‘कार्यसम्राट’ मी न विचारता खोडलं. तो फ्लेक्सचा मजकूर आहे. संस्था कोणत्याही पक्षाची नाही आणि शेजारी विद्यमान न्यायमूर्ती बसलेल्या. मंत्र्यांना सम्राट म्हणण्याच्या कार्यक्रमात त्यांना बसवणं त्यांच्यावर अन्याय आहे.

‘मा. ना.’ हा थोडा वेगळा विषय. ‘ना.’ म्हणजे नामदार, ब्रिटिश अमलातला शब्द. मुंबई इलाख्यातल्या कायदेमंडळाच्या सदस्यांना आणि मंत्र्यांना तो लागत असे, आणि महाराष्ट्रात मंत्र्यांच्या नावामागे तो अजून टिकून आहे. आमच्याकडे ब्रिटिश नव्हते. माझ्या आजोबांच्या पेटीत पोर्तुगीज काळातल्या अर्जांच्या नकला होत्या. सरकारी मुद्रांकाच्या कागदावर लिहिलेल्या, वर अधिकाऱ्याला ‘अतिश्रेष्ठ महाशय’ अशा अर्थाचं लांबलचक पोर्तुगीज संबोधन आणि खाली ‘अर्ज मंजूर व्हावा’ अशी ठरीव ओळ. मधे मागणी मात्र दोनच ओळींत असायची. तर ‘नामदार’ आमच्या मातीतला नाही. आणि ‘माननीय नामदार’ म्हणजे एकच गोष्ट दोनदा. ‘माननीय मंत्री श्री. अमुक’ पुरे. खातं सांगायचं तर ‘कला व संस्कृती मंत्री’ असं पूर्ण सांगावं.

‘भाई’वर आमचा वाद झाला. गावात त्यांना सगळे भाईच म्हणतात. सचिवाच्या वडिलांशी त्यांची शाळेपासूनची ओळख. “श्री. अमुक म्हटलं तर परकं वाटेल, काका.” खरं आहे. आमच्याकडे ‘भाई’, ‘बाब’, ‘बाय’ यांतही मान असतोच, नुसती सलगी नव्हे. पण एकाला भाई म्हटलं की उरलेल्या पाचांशी अंतर आहे असं सांगितल्यासारखं होतं. त्यातही न्यायमूर्ती पहिल्यांदाच गावात येणार होत्या. आम्ही ठरवलं की संबोधनात ‘श्री. अमुक’, आणि पुढे मजकुरात, जिथे वाचनालयाच्या खोलीला त्यांनी मदत केल्याची आठवण आहे, तिथे एकदा ‘आपले भाई’. तिथे ते शोभतं.

पद्मश्रींचं नाव आलं तेव्हा सचिव निर्धास्त होता. पत्रिकेवर, भाषणात, फलकावर, सगळीकडे ‘पद्मश्री श्री. अमुक’. मी म्हटलं, हे न्यायमूर्तींच्या डोळ्यांदेखत नको. राज्यघटनेच्या 18 व्या अनुच्छेदाने किताब रद्द केले. फक्त लष्करी आणि शैक्षणिक सन्मान वगळले. पद्म पुरस्कार या अनुच्छेदात बसतात की नाही, हा प्रश्न बालाजी राघवन यांच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला. डिसेंबर 1995 मध्ये निकाल लागला: हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत, म्हणून ते देता येतात, पण म्हणूनच ते नावाच्या मागे-पुढे पदवीसारखे लावता येत नाहीत. लावले तर पुरस्कार काढून घेतला जाऊ शकतो. म्हणजे आपण ज्यांचा मान वाढवायला जातो त्यांनाच अडचणीत टाकतो. ‘डॉ.’ लावता येतं, कारण ती शैक्षणिक पदवी. ‘पद्मश्री’ वर्णनात सांगायचं: ‘ज्येष्ठ कलाकार श्री. अमुक, ज्यांना पद्मश्री पुरस्कार लाभला आहे’. ऐकायला हेच जास्त भारदस्त वाटतं, कारण पुरस्काराला स्वतंत्र वाक्य मिळतं.

आता क्रम. मंत्री आधी की न्यायमूर्ती? अध्यक्ष गुरुजींचं मत होतं की न्यायमूर्ती प्रमुख पाहुण्या, म्हणून त्या आधी. सचिवाचं मत मंत्री आधी, कारण ते उद्घाटक, आणि खरं कारण म्हणजे अनुदान. केंद्राने 1979 साली ठरवलेलं एक अग्रक्रमपत्रक आहे. त्यात राज्याचे कॅबिनेट मंत्री आपल्या राज्यात 15 व्या स्थानी येतात, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आपल्या अधिकारक्षेत्रात 17 व्या. मुख्य न्यायमूर्ती आले असते तर चित्र पालटलं असतं, कारण ते 14 व्या स्थानी, विधानसभेच्या सभापतींच्या बरोबर. खासदार 21 व्या स्थानी. आमदार त्या पत्रकात नाहीतच, सरपंचही नाहीत.

अर्थात ते पत्रक सरकारी आणि समारंभी प्रसंगांसाठी आहे. गावच्या वाचनालयाला ते बंधनकारक नाही. पण वाद झाला की बोट ठेवायला काहीतरी हवं असतं, आणि ‘अनुदानासाठी मंत्री आधी’ यापेक्षा ‘पत्रकाप्रमाणे मंत्री आधी’ हे उत्तर बरं. गुरुजींना ते पटलं.

राहिला गुरुजींचा स्वतःचा क्रमांक. मराठी सभांची जुनी रीत अशी की सभेच्या अध्यक्षांना पहिलं संबोधन, मग समोर कोणीही असो. विधानसभेत तर हे नियमाइतकं पक्कं आहे. तिथे बोलणं सगळं सभापतींना उद्देशून. (आमच्याकडे विधानसभेचे ‘सभापती’ असतात. महाराष्ट्रात विधानसभेचे ‘अध्यक्ष’ आणि ‘सभापती’ विधान परिषदेचे. गोव्यात परिषदच नाही. मुंबईहून आलेले वक्ते इथे हमखास घसरतात.) पण स्वागत करणारा सचिव संस्थेचाच, अध्यक्षही संस्थेचेच. यजमानाने घरच्या माणसाला आधी नमस्कार घातला तर पाहुणे दारात उभे राहतात. म्हणून स्वागताच्या भाषणात पाहुणे आधी, गुरुजी शेवटी. पाहुणे बोलायला उठतील तेव्हा ते ‘अध्यक्ष महोदय’ने सुरुवात करतील, आणि तेव्हा तेच बरोबर. हा कुठल्या नियमात लिहिलेला क्रम नाही, माझं मत आहे. दुसरा कोणी गुरुजींना पहिलं ठेवेल, त्यालाही मी चूक म्हणणार नाही.

विशेषणंही एकसारखी केली. मूळ मसुद्यात एकाला ‘माननीय’, गुरुजींना ‘आदरणीय’, सरपंचांना काहीच नाही. ‘सन्माननीय’ मोठं की ‘माननीय’, याची अधिकृत उतरंड कुठेही नाही, पण ऐकणारा मनातल्या मनात ती लावतो. म्हणून एकच शब्द आणि तो पद असलेल्या सगळ्यांना. सरपंचही निवडून आलेले असतात. जाता जाता: ‘सन्मानीय’ असा शब्द नाही, ‘सन्माननीय’. आणि ‘मंत्री महोदय’ सुटं लिहिलं तर ‘त्री’ दीर्घ, जोडून लिहिलं तर ‘मंत्रिमहोदय’.

शेवटी संबोधन असं झालं:

“माननीय मंत्री श्री. अमुक, माननीय न्यायमूर्ती तमुक, माननीय आमदार श्री. अमुक, ज्येष्ठ कलाकार श्री. अमुक, माननीय सरपंच श्री. अमुक, आमचे अध्यक्ष गुरुजी आणि वाचकहो,”

सगळे शब्द पूर्ण लिहायला लावले. ‘मा.’, ‘न्या.’, ‘आ.’ ही कागदावरची सोय आहे. माइकवर घाबरलेला माणूस जे दिसतं ते वाचतो. त्यातही ‘मा.’ सगळ्यांत दगाबाज, कारण मराठीत त्याचा अर्थ ‘माननीय’ही होतो आणि ‘माजी’ही. हे मी सचिवाला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. पत्रिका आधीच छापून वाटल्या होत्या आणि त्यावर होतं, ‘मा. आमदार’.

मग भाषणाच्या मधला एक परिच्छेद वाचून मी थांबलो. वाचनालयाच्या मागच्या वाटेवरून शेजाऱ्याशी फोंड्याच्या दिवाणी न्यायालयात दावा चालू होता. सचिवाने लिहिलं होतं, “आज न्यायदेवताच आमच्या अंगणात आली आहे, तेव्हा वाटेचा प्रश्नही सुटेल अशी आशा बाळगतो.” त्याला ते सुंदर वाटत होतं. संबोधनातल्या सगळ्या चुका एकत्र केल्या तरी या एका वाक्याइतक्या जड नव्हत्या. खालच्या न्यायालयातला दावा उद्या अपिलात वर जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली न्यायाधीशांसाठी जी आचारमूल्यं स्वीकारली, त्यांत प्रलंबित किंवा पुढे न्यायालयात येऊ शकणाऱ्या विषयावर जाहीर मत देऊ नये असं आहे. मंचावर बसलेल्या न्यायमूर्तींना या वाक्यावर हसताही येणार नाही आणि उठताही येणार नाही. वाक्य गेलं. ‘न्यायदेवता’ही गेली.

त्यावरून निवेदनाकडे आलो. त्याची सुरुवात अशी: “प्रति, मा. ना. श्री. अमुकभाई यांच्या चरणी, मा. न्यायमूर्तींच्या साक्षीने सादर…” मी म्हटलं, न्यायमूर्ती साक्षीला येत नाहीत, साक्ष ऐकतात. आणि निवेदन माणसाला नसतं, पदाला असतं. खातेबदल झाला तर कागद नव्या मंत्र्यांच्या टेबलावर गेला पाहिजे, जुन्या मंत्र्यांच्या घरी नव्हे. म्हणून नाव न घालता:

“प्रति, माननीय मंत्री, कला व संस्कृती खाते, गोवा सरकार, पर्वरी.”

मग विषयाची एक ओळ, मग ‘महोदय,’ आणि थेट मागणी. ‘खाते’ आणि ‘गोवा सरकार’ हे शब्द मुद्दाम. महाराष्ट्राचा नमुना उतरवला की ‘विभाग’ आणि ‘शासन’ येतं. मजकुरात सगळीकडे ‘आपण’. एका परिच्छेदात ‘आपण’ आणि दुसऱ्यात ‘तुम्ही’ असं होतं ते नीट केलं. शेवटी ‘मंजूर करावे, ही विनंती’ आणि ‘आपला विश्वासू’. मागणीचा आकडा मूळ मसुद्यात दुसऱ्या पानावर गेला होता, कारण पहिलं पान स्तुतीने भरलं होतं. आता तो चौथ्या ओळीत आला.

उच्च न्यायालयातल्या याचिकेचंही असंच असतं, हे सचिवाला मजेशीर वाटलं. तिथली भाषा इंग्रजी, घटनेच्या 348 व्या अनुच्छेदाप्रमाणे. पण संबोधन ‘माननीय मुख्य न्यायमूर्ती आणि इतर माननीय न्यायमूर्ती’ असं संपूर्ण न्यायालयाला असतं. प्रकरण कोणापुढे जाईल हे ठाऊक असलं तरी त्यांचं नाव घालत नाहीत. आणि मंत्र्याच्या निर्णयाविरुद्ध याचिका असेल तर पक्षकारांच्या यादीत ‘गोवा राज्य, मुख्य सचिवांमार्फत’ असं येतं. तिथे ‘माननीय’ शोधून सापडत नाही.

निवेदन मंचावर द्यायचं नाही हेही ठरलं. कार्यक्रमानंतर, चहाच्या वेळी, मंत्र्यांच्या स्वीय सचिवाकडे, आणि प्रतीवर पोच घेऊन.

कार्यक्रमाच्या दिवशी सचिव चांगला बोलला. संबोधनाला वीस सेकंदही लागले नाहीत. न्यायमूर्ती बोलायला उठल्या तेव्हा खरंच ‘अध्यक्ष महोदय’ने सुरुवात केली, आणि गुरुजी खुर्चीत थोडे ताठ झाले. पद्मश्रींच्या वाक्याला टाळ्या पडल्या.

आभार खजिनदारांकडे होते. त्यांना मी कागद दिला नव्हता; ते म्हणाले होते, “आभार काय, तोंडपाठ.” ऐन वेळी नावं आठवेनात, म्हणून त्यांनी खिशातून पत्रिका काढली आणि तीच वाचायला घेतली. मंत्री झाले, न्यायमूर्ती झाल्या, आणि मग खणखणीत आवाजात, “आपले माजी आमदार…”

मांडवात एक क्षण शांतता पसरली. आमदारांनी समोरचा माइक ओढला.

“अजून आहे हो मी.”

सगळ्यांत आधी न्यायमूर्ती हसल्या. खजिनदारांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली, पुन्हा पाहिली, आणि माइक बंद करायचं विसरून शेजारच्या सचिवाला म्हणाले, “अरे, ‘मा.’च लिहिलंय की!”